दोन ब्लेझर आणि तीन सेंटिमीटरची माया

दादरला आमचं आल्टरेशनचं दुकान आहे. लग्नसराईच्या आधी रोज आठ-दहा कोट-ब्लेझर येतात, त्यातले निम्मे ‘जरा सैल करून द्या’ म्हणत. त्या दिवशी आई आणि मुलगा दोन ब्लेझर घेऊन आले. एक मुलाचा, मॉलमधून घेतलेला, जेमतेम दीड वर्षाचा. दुसरा त्याच्या वडिलांचा, गिरगावातल्या एका शिंप्याकडून नव्वदच्या दशकात शिवून घेतलेला. दोन्ही कमरेत दोन इंच सैल हवे होते.

“काका, माझा तर नवाच आहे, तो सहज होईल. बाबांच्याचं काय करता येतं ते बघा,” मुलगा म्हणाला.

आधी दोन्ही त्याच्या अंगावर घालून पाहिले. खांदे बसत नसतील तर कमरेचं काम करण्यात अर्थ नसतो, कारण खांदा बदलायचा म्हणजे बाही, कॉलर आणि अस्तर सगळंच उसवावं लागतं. खांदे दोन्हींचे ठीक होते. मग तळाशी अस्तराची शिवण चार बोटं उसवली आणि आत पाहिलं. कपडा कसा शिवलाय ते बाहेरून पाचशे वेळा न्याहाळून कळत नाही, तेवढं ह्या चार बोटांत कळतं.

वडिलांच्या ब्लेझरला पाठीच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, होती. बगलेखालच्या शिवणींत दोन-दोन. हिशोब सोपा आहे. पाठीच्या शिवणीत दोन्ही तुकड्यांतून दीड-दीड सेंटिमीटर सोडले की तीन मिळतात. बाजूच्या दोन शिवणींत प्रत्येक तुकड्यातून अर्धा-अर्धा सोडला की आणखी दोन. झाले पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, आणि एवढं करूनही प्रत्येक शिवणीत दीड सेंटिमीटर माया शिल्लक. पुढच्या दहा वर्षांत पुन्हा उसवायची वेळ आली तरी पकडायला कापड आहे.

नव्यात सगळीकडे एक सेंटिमीटर. तेही इंटरलॉकच्या सुरीने काठ कापून. शिवण आणि इंटरलॉक एकाच मशिनवर एका दमात मारलेले असतात. सुई पुढे जाते तसं शेजारचं पातं जास्तीचं कापड कापून टाकतं. त्यातून फार तर तीन मिलिमीटर सोडता आले असते, आणि तेवढ्यासाठी शिवण काठावर आणून ठेवली तर पहिल्या ताणात सुतं निसटतात.

ह्याला कंजुषी म्हणून सोडून देता येत नाही, त्यामागे कारखान्याचं गणित आहे. हजारो नगांचं कापड एकावर एक थर लावून कापतात. प्रत्येक शिवणीत दोन सेंटिमीटर वाचले की त्याच लांबीच्या थानात जास्त नग बसतात. शिवाय तिथे गृहीत धरलेलं असतं की हा कपडा कुणी उसवायला नेणार नाही, अंगाला होईनासा झाला की दुसरा घेतील. गिरगावातल्या शिंप्याने उलट गृहीत धरलं होतं: गिऱ्हाईक जाड होणार आणि परत येणार.

मुलाला हे पटलं नव्हतं. त्याने दोन्ही ब्लेझर दोन हातांत तोलले. “पण माझा तर जड लागतोय. म्हणजे कापड चांगलं असणार ना?”

हा प्रश्न रोज येतो, म्हणून तपासूनच दाखवलं. नव्या ब्लेझरची बाही तशीही आखूड करायची होती. त्यातून निघालेल्या पट्टीतून पाच बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा नीट कापला आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवला, कारण घरचा स्वयंपाकाचा काटा एवढं हलकं नीट मोजत नाही. वजन भरलं १.१५ ग्रॅम. पन्नास चौरस सेंटिमीटरचं वजन दोनशेने गुणलं की चौरस मीटरचं मिळतं: २३० ग्रॅम. मुलगा खूश. मग त्याच तुकड्यावर इस्त्री टेकवली, तो गरम असतानाच आतल्या बाजूला गोंदाने चिकटवलेलं आधाराचं कापड, म्हणजे फ्यूजिंग, सोललं आणि पुन्हा मोजलं. ०.८५. म्हणजे कापड १७० ग्रॅमचं, तेही थोडा गोंद त्यात चिकटून राहिलेला धरून. बाकीचा भार फ्यूजिंगचा होता. त्याच्या पूर्ण समोरच्या भागाला, बाहीच्या काठाला, खिशांना असं फ्यूजिंग होतं, म्हणून हाताला जड.

वडिलांच्या कापडाचं वजन करायला काही कापावं लागलं नाही. जुने शिंपी उरलेल्या कापडाचा तुकडा गिऱ्हाइकाला परत द्यायचे, रफूसाठी लागला तर. तो आतल्या खिशात घडी घालून ठेवलेला होता. दहा बाय दहाचा चौकोन कापला, २.७ ग्रॅम भरले. हे शंभराने गुणायचे: २७० ग्रॅम.

आता इथे घाईने निष्कर्ष काढू नये. १७० ग्रॅमचं कापड वाईट असतंच असं नाही. उन्हाळी लोकरीचं कापड त्याच्या जवळपासचं असतं आणि मुंबईच्या हवेत २७० पेक्षा तेच सुखाचं. फरक वजनाच्या आकड्यात नसून ते वजन कशाचं आहे ह्यात होता. दोन्ही तुकडे ट्यूबलाइटसमोर धरले. जुन्यात सुतं एकसारखी, एकमेकांना चिकटून बसलेली. नव्यात विणीत उजेडाच्या बारीक फटी दिसत होत्या. कापड विरळ होतं आणि फ्यूजिंगने त्याला उभं केलं होतं. छातीवर बोटभर रुंदीचे दोन फुगे आलेलेही होते. पावसाळ्यात दमट हवेत लटकलेला, त्यावर घरी वाफेची इस्त्री. गोंदाचे ठिपके ठिकठिकाणी सुटले की कापड आणि फ्यूजिंग वेगवेगळं आक्रसतं आणि असे फुगे येतात. दाबून इस्त्री केली की थोडे दिवस बसतात, मग पुन्हा. नीट तापमानाला, नीट दाबाने चिकटवलेलं फ्यूजिंग अनेक वर्षं टिकतं, हेही सांगायला हवं. सगळं फ्यूजिंग म्हणजे फसवणूक, असं सांगणारे शिंपी आपलं, फ्यूजिंगऐवजी आत टाचलेल्या कॅनव्हासचं काम विकत असतात.

मग शिवणी. पट्टीवर एक इंच धरून टाके मोजले. वडिलांच्यात बारा, मुलाच्यात आठ. मशिनची सुई मिनिटाला ठरावीक टाके घालते. तीस इंचांच्या शिवणीला बारा टाक्यांच्या हिशोबाने ३६० टाके लागतात, आठच्या हिशोबाने २४०. त्या शिवणीवर सुईचा एक तृतीयांश वेळ वाचला, दोराही कमी लागला. त्याची किंमत शिवणीवर ताण आला की दिसते. शिवणीच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी अलगद ताणल्या तर नव्यात मधल्या दोऱ्याच्या पायऱ्या दिसल्या, शिडीसारख्या. जुन्यात नाही. पण टाके जितके जास्त तितकं चांगलं, असंही नसतं. पातळ कापडात गरजेपेक्षा फार दाट टाके घातले तर सुईच कापडाला भोकं पाडून कमजोर करते आणि शिवण चुण्या धरते.

सर्वांत जास्त वेळ गेला अस्तरावर, कारण खरं नुकसान तिथेच झालं होतं. नव्या ब्लेझरचं अस्तर पाठीला उजव्या मुंढ्याजवळ चार इंच फाटलं होतं. मी विचारलं, “लोकलने जातोस का?” रोज, अंधेरी ते चर्चगेट, वरची कडी धरून. तिथेच उत्तर होतं. हात पुढे किंवा वर गेला की पाठ रुंदावते. बाहेरचं कापड थोडं ताणतं, पण घट्ट विणीचं पॉलिएस्टर अस्तर ताणत नाही. म्हणून अस्तर अंगापेक्षा मोठं कापून पाठीच्या मध्यभागी त्याची एक घडी ठेवायची असते. वडिलांच्यात ती मानेपासून खालपर्यंत होती, दोन सेंटिमीटरची. तळालाही अस्तर सैल सोडून वर दुमडलेलं होतं. नव्यात अस्तर बाहेरच्या कापडाच्याच मापाचं. सगळा ताण अस्तरानेच घेतला आणि ते मुंढ्यापाशी गेलं. दुकानात कपडा घेताना आत हात घालून पाठीची ही घडी चाचपावी, पाच सेकंद लागतात.

दोन्ही अस्तरांचा एकेक धागा चिमट्यात धरून जाळला. नव्याचा वितळून कडक मणी झाला: पॉलिएस्टर. जुन्याचा कागदासारखा जळून मऊ राख झाली: व्हिस्कोस. ते घाम शोषतं, म्हणून अंगाला चिकटत नाही. पण व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, आणि त्यामुळेच वडिलांच्या ब्लेझरचं अस्तर दोन्ही बगलांत झिजून जाळी झालं होतं. तिथे चंद्रकोरीच्या आकाराची नवी ठिगळं हाताने तुरपली.

काम असं ठरलं. वडिलांचा ब्लेझर दोन इंच सोडायचा. आधीच एक गोष्ट मुलाच्या आईला, म्हणजे वहिनींना, सांगितली: एवढी वर्षं आत दडलेली माया बाहेर येईल तेव्हा तिचा रंग बाकीच्यापेक्षा किंचित गडद दिसेल, आणि जुन्या घडीची रेघही. सुईची जुनी भोकं मात्र लोकरीत वाफ दिल्यावर मिटतात. नव्यात तसं होत नाही; पॉलिएस्टरच्या कापडाला पडलेलं भोक तसंच राहतं, म्हणूनही त्याची शिवण हलवण्यात अर्थ नव्हता.

नव्यात अस्तराला पाठीच्या मध्यात तीन सेंटिमीटरची पट्टी जोडली, म्हणजे नसलेली घडी मिळाली, आणि फाटलेला भाग आतून आधार लावून शिवला. बटणं एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याची होती. एका टोकाला ओढलं की सगळं बटण हातात येतं. ती उसवून दोऱ्याचा पाय बांधून पुन्हा लावली. कमरेला काहीच केलं नाही. बटणं न लावता घाल, एवढंच सांगितलं.

वडिलांचा ब्लेझर वहिनींनी दाराशी उजेडात नेऊन उलटसुलट पाहिला. पाठीच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना गडद रेघ त्यांना लगेच दिसली. मुलाने अंगात घातल्यावर त्यांनी ती दोन हातांच्या अंतरावरून पुन्हा शोधली, तेव्हा नेमकी कुठे आहे ते बोटाने दाखवावं लागलं.