‘अ’ आणि ‘ब’च्या मध्ये अडकलेली माझी हरकत

इतवारीतल्या एका होलसेल दुकानाचे हिशोब सांभाळून मी पार्टटाइम एमबीए करतेय. मार्केटिंगच्या पेपरला दर शनिवारी ऑनलाइन क्विझ असायची. वीस प्रश्न, पंधरा मिनिटं, आणि चुकलं की पाव मार्क कापला. साधे एमसीक्यू सोडवताना फारसं काही वाटलं नाही. घोळ झाला तो चूक-बरोबर आणि विधान-कारण या दोन प्रकारांत. त्यातही एका प्रश्नावर माझं डोकं अजून तापतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

चूक-बरोबरचं आधी सांगते, त्यात लिहिण्यासारखं थोडंच आहे. आमच्या बॅचमध्ये सगळे एकच मंत्र जपायचे: ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधीच’ दिसलं की डोळे मिटून चूक ठोकायचं. पहिल्या दोन क्विझमध्ये हे चाललंही. ‘प्रत्येक उत्पादन जीवनचक्राच्या चारही अवस्थांतून जातं’ हे चूकच, कारण काही वस्तू बाजारात येतात आणि वाढीच्या अवस्थेला पोचण्याआधीच गायब होतात. मग तिसऱ्या क्विझला आलं: ‘मार्केटिंग मिक्सच्या चार पींपैकी फक्त किंमत हा घटक महसूल आणतो.’ मी ‘फक्त’ बघितलं आणि चूक केलं. उत्तर बरोबर होतं! उत्पादन, वितरण, जाहिरात या सगळ्यांवर खर्च होतो, पैसा येतो तो किमतीतून. पुस्तकात हे वाक्य ठळक छापलंय आणि मी ते दहा वेळा वाचलेलं होतं. त्या दिवसापासून ‘फक्त’ दिसलं की आधी स्वतःला विचारते, दुसरा एक तरी सापडतो का? सापडला तर चूक, नाही सापडला तर बरोबर.

अर्धं खरं विधान मात्र जास्त लबाड. ‘पब्लिसिटीसाठी जागेचे पैसे मोजावे लागत नाहीत आणि तिच्या मजकुरावर कंपनीचं पूर्ण नियंत्रण असतं.’ पहिला अर्धा वाचून मान हलते आणि त्याच झोकात दुसराही गिळला जातो. बातमीत काय छापायचं हे वर्तमानपत्र ठरवतं, म्हणून विधान चूक. मी आता ‘आणि’पाशी पेन्सिल टेकवते आणि दोन्ही तुकडे वेगळे वाचते.

आता तो प्रश्न.

विधान: सेवा साठवून ठेवता येत नाही.
कारण: सेवा अमूर्त असते.

पर्याय नेहमीचेच. अ म्हणजे दोन्ही बरोबर आणि कारण हेच विधानाचं योग्य स्पष्टीकरण. ब म्हणजे दोन्ही बरोबर, पण स्पष्टीकरण ते नाही. क आणि ड म्हणजे दोन्हींपैकी एकच बरोबर. क-डवर मी कधी अडत नाही, एक ओळ खोटी आहे हे लगेच कळतं. खरी मारामारी अ आणि बची.

आम्हाला शिकवलेली युक्ती अशी की, मध्ये ‘कारण’ हा शब्द घालून मोठ्याने वाचायचं. सोप्या प्रश्नांत ती चालते. ‘नवं उत्पादन बाजारात आणताना नफा कमी असतो, कारण त्या वेळी प्रतिस्पर्धी कमी असतात’ असं वाचलं की कानालाच खटकतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण नफा कमी असतो तो विक्री थोडी आणि जाहिरातीचा खर्च मोठा म्हणून. सरळ ब.

पण ‘सेवा साठवता येत नाही, कारण ती अमूर्त असते’ हे कानाला कुठे खटकतं? माझ्या झेरॉक्स नोट्समध्ये तर जवळपास हेच वाक्य होतं. मी बिनधास्त अ केलं. उत्तरसूचीत ब.

मी हरकत घ्यायचं ठरवलं. पोर्टलवर फॉर्म होता: रोल नंबर, क्विझ क्रमांक, प्रश्न क्रमांक, नोट्सच्या पानाचा फोटो, आणि ‘आक्षेपाचं सविस्तर कारण’. ते सविस्तर कारण दीडशे अक्षरांत! एकशे एक्कावन्नावं अक्षर टाइप केलं की लाल रेघ. त्यात फोटो दोनशे केबीच्या आत हवा. तेवढा लहान केला की नोट्समधलं अक्षर दिसेना. तीन रात्री यात गेल्या. शेवटी कसाबसा फॉर्म गेला आणि समोर उमटलं, ‘विचाराधीन’. आठवडा गेला, दहा दिवस गेले, तेच. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, मॅडमला विचारा. मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, पोर्टलवरच उत्तर येईल.’’

याच वैतागात एका शुक्रवारी मी गणेशपेठच्या स्टँडजवळ पुण्याच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढायला उभी होते. बस सुटायला दहाच मिनिटं होती आणि एजंट भाव पाडत होता. ‘‘ताई, घ्या ना, तीन सीट रिकाम्या जाऊन रायल्या. गाडी निघाली की हे मला उद्या विकता येणार आहे का?’’

मी तिकीट घेतलं आणि सीटवर बसल्यावर डोक्यात उजेड पडला. सीट तर मूर्त आहे, मी तिच्यावर बसलेय. उद्याही ती असणार आहे. वाया जाणार होता तो आज रात्रीचा प्रवास, कारण तो तयार होतो त्याच क्षणी वापरावा लागतो. साठवता न येण्यामागे हे आहे. मग उलटून बघितलं: अमूर्त असूनही साठवता येईल असं काही आहे का? आहे की! मोबाइलमधलं रेकॉर्ड केलेलं लेक्चर. हात लावता येत नाही, पण सहा महिने साठवलेलं आहे. म्हणजे अमूर्तपणा खरा, साठवता न येणंही खरं, पण पहिल्यामुळे दुसरं होत नाही. ब बरोबर होतं. चिडचिड आणखीनच वाढली.

तर ‘कारण’ घालून वाचून झालं की दुसरी पायरी ही: कारणाची ओळ लागू आहे पण विधान लागू नाही, असं एखादं उदाहरण शोधायचं. सापडलं तर बकडे झुकायचं. यालाही मर्यादा आहे. विधान ‘सहसा’वालं असेल तर असं एखादं उदाहरण सापडणारच, त्याने काही सिद्ध होत नाही. ‘ग्राहक किमतीला संवेदनशील असतील तर कंपन्या सहसा कमी किमतीने बाजारात शिरतात’ अशा ठिकाणी एकानेच चढी किंमत लावली म्हणून ब करू नका. तिथे कारणाने परिणाम कसा घडतो हे एका वाक्यात सांगता येतं का ते बघायचं.

हो, एक राहिलं. विधान हाताने झाकून आधी कारणाची ओळ एकटीच वाचा. विधान पटलं की कारण तपासायचा आळस येतो, मला तरी येतो.

पुढच्या महिन्यात तोच प्रश्न परत आला, फक्त कारण बदलून: ‘सेवेचं उत्पादन आणि उपभोग एकाच वेळी होतात.’ या वेळी अ, आणि पूर्ण मार्क. सेमिस्टरचा निकालही लागलाय. पोर्टलवर माझी हरकत मात्र अजून विचाराधीन आहे, आणि ती मागे घ्यायचं बटण कुठे सापडत नाही.