विहीणबाईंचा मोकळा तिळगूळ

सुनेची पहिली संक्रांत म्हणून तिची आई म्हैसूरहून पुण्याला आली ती एक मोठा स्टीलचा डबा घेऊन. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही आणि हिंदीत आम्ही दोघी सारख्याच कच्च्या. त्यामुळे दुभाषी नवी नवरीच.

पहिला प्रश्न काळ्या साडीवरून आला. पलंगावर चंद्रकळा काढून ठेवली होती. विहीणबाईंचा चेहराच सांगत होता, नव्या नवरीला काळं? एरवी आपणही नेसवत नाही, हे सुनेनं त्यांना सांगितलं. थंडीत काळा रंग ऊब धरतो, हे कारण त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण साडीवर हलव्याचे पांढरे दागिने ठेवले तेव्हा त्या जवळ सरकल्या. हार, बांगड्या, बाजूबंद, मंगळसूत्र, आणि जावयासाठी हार नि हलव्यानं मढवलेला नारळ. साखरेचे मणी असे काटेरी कसे होतात, हे मात्र त्यांना बघायचंच होतं.

मग दुसऱ्या दिवशी पहाटे परात काढली. गारठा हवाच, दमट हवेत काटा धरत नाही. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, मळी काढायला चमचाभर दूध, आणि एकतारी पाक. परातीत मूठभर तीळ, खाली अगदी मंद आच. अर्धा चमचा पाक टाकायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं, की पुन्हा अर्धा चमचा. घाई करून पाक जास्त पडला की तीळ एकमेकांना चिकटतात. आच वाढली की साखर दाण्यावर न बसता परातीत पिठी होऊन पडते. बोटांना चटके बसतात ते वेगळेच. दागिन्यांचा हलवा असा काही दिवस थोडा थोडा वाढवावा लागतो. पहिल्या दिवशी काटा जेमतेम हाताला लागतो. विहीणबाईंनी तासभर परात हलवली आणि लेकीला काहीतरी म्हणाल्या. तिनं भाषांतर केलं, "आई म्हणते, हे विकत मिळत नाही का?" मिळतं. दागिने विकतचेच होते, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

मग त्यांचा डबा उघडला. एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ल म्हणजे गूळ. पण लाडू नाही, वडी नाही, सगळं सुटं. भाजलेले पांढरे तीळ, सोललेले शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे आणि गुळाचे इवलेसे तुकडे. आमची सगळी काळजी पाकाची. पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन ताटलीवर टण्ण वाजला पाहिजे, नाहीतर लाडू बसतात. त्यांची काळजी नेमकी उलटी, काहीच काहीला चिकटता कामा नये. म्हणून खोबऱ्याची तपकिरी पाठ किसून काढायची, पांढऱ्या भागाचे बारीक काप करायचे, गूळ अडकित्त्यानं कातरायचा आणि दोन्ही वेगवेगळं उन्हात वाळवायचं. गूळ ओला राहिला तर त्याला पाणी सुटतं आणि डब्यात एकच गोळा होतो. मी चमच्यानं नव्हे, चिमटीनं खाल्लं, आणि प्रत्येक चिमटीला चव वेगळी. कधी खोबरं पुढे, कधी गूळ. खरं सांगायचं तर मला ते लाडवापेक्षा आवडलं. दात शाबूत राहतात हाही एक मुद्दा आहे. सोबत उसाची कांडकी होती आणि लाकडी साच्यात पाडलेली साखरेची पांढरी चित्रं. ती सक्करे अच्चु.

संध्याकाळी दोघं नटून बसली. सुनेनं आधी आम्हाला वाकून नमस्कार करत तिळगूळ दिला. मग नवऱ्याची पाळी आली. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे तिनं घोकलेलं होतं, तेवढंच तिनं एरवी 'अरे' म्हणते त्याला आदरानं म्हटलं, आणि सगळे हसले. त्यानं मग डब्यातली चिमूट तिच्या हातावर ठेवून म्हटलं, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळगूळ खाऊन चांगलं बोला. 'ळ्ळ'वर तो असा अडखळला की विहीणबाईंनी त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. नंतर मीही त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं.

हळदीकुंकवाला जमलेल्या बायका गेल्यावर विहीणबाईंनी पिशवीतून केळी काढली. त्यांच्याकडे नव्या नवरीनं 5 वर्षं संक्रांतीला सवाष्णींना केळी द्यायची असतात, आणि दर वर्षी 5-5 नी वाढवत न्यायची. यंदा 5. "म्हणजे पाचव्या वर्षी 25?" मी विचारलं. हो म्हणाल्या, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला लिफ्ट नाही, याची चौकशी त्यांनी तेव्हाच करून ठेवली.