‘बिल्कुल लेना चाहिए’च्या पुढचं वाक्य

खरिपाच्या तोंडावर आमच्या शेतकरी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या मिनिटाची एक क्लिप फिरायला लागली. हिंदी बोलणारा एक माणूस, पाठीवर डबल मोटरचा बॅटरी पंप, आणि एकच वाक्य: “तो मेरी तरफ से भाई, बिल्कुल लेना चाहिए.” खाली तालुक्यातल्या एका दुकानाचा भाव आणि फोन नंबर. दुपारपर्यंत ऑफिसात सभासदांचे फोन सुरू झाले, “ताई, थो पंप बुक कराचा का?”

यवतमाळ जिल्ह्यातली आमची कंपनी छोटी. सभासद बहुतेक कपाशी, सोयाबीन, तूरवाले. संत्र्याचे बगीचे मोजक्यांचे. मी बिलं, बियाण्याची बुकिंग आणि ग्रुपवरचे मेसेज सांभाळते. त्यातच हे एक काम चिकटलं आहे. कोणी अवजाराचा लांबलचक व्हिडिओ टाकला की त्यातलं ‘घ्या की नका घेऊ’ कारणांसकट चार ओळींत काढून द्यायचं. शेतात नेटवर्क नसतं, आणि चाळीस मिनिटं मोबाइलकडे बघत बसायला पेरणीच्या दिवसांत कोणाला वेळ आहे?

मूळ व्हिडिओ शोधला. 41 मिनिटांचा, मध्य प्रदेशातल्या एका शेतकऱ्यानं केलेला. यूट्यूबवर वर्णनाच्या खाली `Show transcript` असतं, तिथून सगळा मजकूर वेळेच्या आकड्यांसकट उचलून कागदावर छापला. आपोआप तयार झालेल्या मजकुरात ना पूर्णविराम ना स्वल्पविराम. वाक्य कुठं संपलं ते आपणच ठरवायचं. मी आधी काहीच खोडत नाही. पेन घेऊन प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर टाकत जाते: खोक्यावरून वाचलेलं असेल तर ‘ख’, स्वतः वापरून पाहिलेलं असेल तर ‘व’, नुसतं मत असेल तर ‘म’.

हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. खोक्यावरचं वाचताना माणूस नेहमी चालू काळात बोलतो: “एक चार्ज में 25 टंकी निकालता है.” आकडा गोल असतो आणि वाक्यात तो स्वतः कुठंच नसतो. वापरून सांगतो तेव्हा क्रियापद मागं जातं आणि ‘मैंने’ येतो, मध्ये एखादी अडचणही डोकावते. वरचं पंचवीस टाक्यांचं वाक्य साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. सत्ताविसाव्या मिनिटाला तोच माणूस म्हणतो, “मैंने दोनों मोटर पे चलाया, चौदहवीं टंकी में धार ढीली पड़ गई.” आणि पुढं, एकाच मोटरवर चालवला तर वीसच्या वर टाक्या निघाल्या. वरवर वाचणाऱ्याच्या हाती पंचवीस लागतात, कारण तो आकडा आधी येतो आणि छातीठोक येतो. माझ्या कागदावर पंचवीससमोर ‘ख’ होता आणि चौदासमोर ‘व’. दोन्ही एकाच्याच तोंडचे असले तरी चौदाच खरा धरायचा.

टाकी 16 लिटरची. वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा-बारा टाक्या. चौदा टाक्यांत एक एकर आणि वर थोडंसं. चार एकरवाल्यानं दोन्ही मोटर लावून सकाळी सुरुवात केली तर दुपारपर्यंत बॅटरी घेऊन घरी यावं लागणार. पण हा हिशेब माझा होता, त्याचा नव्हता. तो कुठं आणि कसा लिहायचा, ते पुढं येईल.

सतराव्या मिनिटाला एक ओळ अडली. छापील मजकुरात होतं: “ढक्कन से लीक ही हुआ पूरा दिन.” म्हणजे दिवसभर झाकणातून गळती. हे खरं असेल तर पंप नको म्हणायला एवढं एकच कारण पुरेसं, कारण झाकणातून गळलेलं औषध थेट पाठीवर येतं. पण दोन ओळींनी खाली तोच म्हणतो, “रबर अच्छा दिया है.” दिवसभर गळणाऱ्या झाकणाच्या रबराची कोणी तारीफ करत नाही. अशी दोन वाक्यं एकमेकांना छेदायला लागली की मजकुरावर विसंबायचं नाही, त्या मिनिटाला जाऊन कानानं ऐकायचं. ऐकलं. माळव्याकडची बोली, ‘नहीं’ला तो ‘नी’ म्हणतो. “लीक नी हुआ.” यंत्रानं त्या ‘नी’चा ‘ही’ केला होता. मग सगळ्या कागदावर ‘ही’ शोधले आणि जिथं शंका आली तिथं ऐकून घेतलं. नकार हरवणं ही या आपोआप मजकुराची सगळ्यात वाईट खोड. आकडा चुकला तर खटकतो तरी, नकार गेला तर वाक्य गुळगुळीत वाचलं जातं.

यापेक्षा मोठी अडचण बाविसाव्या मिनिटाला होती. तिथं कागदावर एवढंच होतं: “अब ये देखिए ये इधर से भी हाँ इतना कमीज देख लो मेरी.” वाचून काय कळणार? सारांश करणारे बहुतेक जण अशा ओळी फालतू समजून उडवतात. मी उलट त्यांच्याभोवती गोल करते. ‘ये देखिए’, ‘इतना’, ‘इधर’ असे शब्द दाटीनं आले की तो शब्दांनी सांगत नसून हातानं दाखवतो आहे. पुरावा चित्रात असतो, मजकुरात नसतो.

तेवढा भाग पाहिला. तो छातीएवढ्या पिकात उभा होता, दोन्ही मोटर सुरू, रेग्युलेटर पूर्ण उघडा. दाब जास्त झाला की नोझलमधून थेंब फार बारीक निघतात आणि धुक्यासारखे हवेत तरंगतात. टाकीत साधं पाणी होतं. पाचेक मिनिटांनी तो थांबला, वळला आणि बाही कॅमेऱ्यापुढं धरली. खांद्यापासून कोपरापर्यंत सदरा ओला, गळपट्टीसुद्धा. मग रेग्युलेटर अर्ध्यावर आणून, एक मोटर बंद करून त्यानं पुन्हा चालवला. थेंब जाड झाले, खाली पडायला लागले. याबद्दल तो एकच वाक्य बोलतो, पण मला वाटतं सगळ्या व्हिडिओत सर्वांत मोलाचं तेच आहे: “खड़ी फसल में फुल पे मत चलाना.”

आता निकाल. क्लिपमधलं वाक्य 38:50 ला आहे आणि ते खरंच तसंच आहे, कोणी छेडछाड केलेली नाही. फक्त कात्री त्याच्या श्वासावर चालवली होती. तीन सेकंदांनी तो पुढं म्हणतो, “लेकिन बगीचे वाले. नींबू, संतरा, जिनको ऊपर तक मारना है. कपास सोयाबीन वाले सिंगल मोटर ही देखो, पैसा बचाओ.” बोलणाऱ्या माणसाचा निकाल असाच असतो. आधी जोरात हो, मग श्वास, मग खरी अट. शेवटचं ठाम वाक्य उचलून निकाल ठरवू नये, त्याच्या मागचा-पुढचा निदान मिनिटभर तरी घ्यावा. आणि निकालाची अट आधीच्या कारणांशी जुळते का ते पाहावं. इथं जुळत होती: जास्त दाब उंच झाडाला कामाचा, उभ्या पिकात तोच अंगावर येणारा. जुळली नसती तर निकाल आणि कारणं वेगळी पडतात असं मी सरळ लिहिलं असतं. ते जुळवून देणं आपलं काम नाही.

मसुदा घेऊन अध्यक्षकाकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. “पोरी, एवढं कायले लिवतं? ‘कोनीच घेऊ नोका’ एवढं टाक ना.”

“काका, तो असं म्हणत नाही. संत्रावाल्यांना घ्या म्हणतो.”

“आपल्या इथं काय झालं होतं ते इसरली का?”

विसरले नव्हते. 2017 च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ओली बाही पाहताना मलाही तेच आठवलं होतं. पण त्या माणसानं यवतमाळचं नावही घेतलेलं नाही. त्याच्या कारणांत आपलं कारण मिसळलं तर उद्या कोणी व्हिडिओ पाहून म्हणेल, हे तर तो बोललाच नाही, आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडेल. काकांचं म्हणणं सोडायचं नव्हतं, फक्त वेगळं ठेवायचं होतं. थोडी घासाघीस झाली. शेवटी मेसेज असा गेला:

“डबल मोटर बॅटरी पंप, 16 लिटर. कपाशी-सोयाबीन: घेऊ नका. संत्रा-लिंबू बगीचा: घ्या. हे मत व्हिडिओ करणाऱ्याचं (38:50 पासून पुढं पाहा). पंप बनवणाऱ्या कंपनीनं तो त्याला तपासायला पाठवला होता, हे तो स्वतः सांगतो (1:12). त्याची कारणं: दोन्ही मोटरवर 14 टाक्यांत धार ढिली, खोक्यावर 25 लिहिलं आहे (27:05). पूर्ण दाबावर उभ्या पिकात फवारा अंगावर येतो (22:30, हे पाहाच). उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारा पोचतो (31:00). झाकण गळलं नाही (17:20).
आपल्या शेतकरी कंपनीकडून: 14 टाक्या म्हणजे वाढलेल्या कपाशीचा एक एकर आणि वर थोडंसं. 2017 लक्षात ठेवा, पऱ्हाटीत पूर्ण दाब नको.”

कंपनीनं पंप पाठवला होता ही ओळ काकांना खुपली, त्यांच्या मते त्यानं माणूस विकला गेल्यासारखा वाटतो. मला तसं वाटत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची तारीफ थोडी कमी वजनानं घ्यावी आणि तिच्यातला काढलेला दोष जास्त वजनानं. चौदा टाक्या आणि ओली बाही या दोन्ही गोष्टी त्यानं कंपनीचा पंप पाठीवर घेऊनच सांगितल्या. ओळ राहिली.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, आवाज चढलेला. “तुम्ही आमचा माल पाडून रायले.” मी त्याला 38:50 उघडून ‘लेकिन’पर्यंत थांबायला सांगितलं. पलीकडं व्हिडिओचा आवाज ऐकू आला. मग तो म्हणाला, सिंगल मोटरचेही आहेत आमच्याकडे, त्याचा भाव टाकतो. टाकलाही. जुनी क्लिप मात्र त्यानं काढली नाही.

ग्रुपवर प्रश्न आले. तुरीला चालतो का? तुरीबद्दल तो काही बोललेला नाही, तसंच सांगितलं. तूर उंच होते म्हणून बगीच्यात बसवून टाकणं सोपं होतं, पण तीही उभ्या पिकातच चालत फवारायची असते. मग एका संत्रावाल्या दादांनी विचारलं, “दोन सालानं बॅटरी मेली त इथं भेटन का दुसरी?” कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यानं पंप एकाच हंगामात वापरलेला, सुट्या भागांचा शब्दही नाही. मेसेजखाली एक ओळ वाढवली: “बॅटरी किती वर्षं टिकते आणि सुटे भाग कुठं मिळतात, हे व्हिडिओत नाही. बगीचेवाल्यांनी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं.”