चुकलेल्या पानावरचे चित्र

प्रत्येक संकेतस्थळावर एक पान असे असते की जे पाहण्यासाठी कोणीही मुद्दाम येत नाही. दुवा जुना झालेला असतो, पत्त्यातले एखादे अक्षर गळालेले असते किंवा मागचा सर्व्हरच बसलेला असतो, आणि मग हे पान समोर येते. एक चित्र, दोन ओळी आणि एखादे बटण एवढाच त्यावरचा ऐवज असतो. तरीही संकेतस्थळांची पाने तपासून देण्याच्या माझ्या कामात मुखपृष्ठापेक्षा याच पानावर अधिक वाद होतो. मुखपृष्ठावर माणूस राजीखुशीने आलेला असतो, इथे मात्र तो आधीच थोडासा वैतागलेला असतो. त्याच्याशी थट्टा करायची की नाही, आणि केली तर किती, हे चित्राचे रंग ठरण्याच्या फार आधी ठरवावे लागते.

अलीकडे आमच्याकडे असेच एक चित्र तपासायला आले. नाशिकमधला एक जुना, घरगुती चिवड्याचा व्यवसाय आपले संकेतस्थळ नव्याने करून घेत होता. मालकांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. कॉलेज रोडवरच्या आमच्या लहानशा कार्यालयात चित्रकार मुलीने पडद्यावर चित्र उघडले, तेव्हा पहिल्या क्षणी सगळ्यांच्या तोंडून वाहवा निघाली. रामकुंडावर सिंहस्थाची गर्दी उसळलेली होती, मागे पात्रात दुतोंड्या मारुती उभा होता, खांबाला कर्णा बांधलेला होता आणि मधोमध हातात चिवड्याची पिशवी घेतलेला एक बावरलेला मुलगा होता. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, ‘हरवलात वाटतं!’

रेखाटनात खोट काढायला जागा नव्हती. घाटाच्या पायऱ्यांवरचे ओले डागसुद्धा तिने सोडलेले नव्हते. पण अशा चित्राचा सूर जोखताना मी ते काढणाऱ्याच्या बाजूने पाहत नाही. ते कोणाच्या पुढ्यात येणार आहे आणि त्या माणसाची त्या वेळी मनःस्थिती काय असणार आहे, त्या बाजूने पाहतो. कुंभमेळ्यात हरवणे ही चित्रपटांनी विनोदी करून टाकलेली गोष्ट असली, तरी नाशिककरांना ती तितकीशी विनोदी वाटत नाही. २००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले होते. दूरच्या गिऱ्हाइकाला त्या गर्दीत गंमत दिसेल. पंचवटीतल्या एखाद्या आजींना ती दिसेलच, अशी खात्री कोण देणार?

त्याहून मोठी अडचण त्या दोन शब्दांत होती आणि ती काकांनी आधी ओळखली. ते म्हणाले, “गिऱ्हाईक कशाला हरवेल? ते बिचारं बरोबर आलं. माल आपण जागेवरून हलवला.” चुकीच्या पानाचा सूर तपासण्याची याहून नेमकी कसोटी मला सापडलेली नाही. चूक कोणाची, हे आधी ठरवावे, आणि ती आपली असेल तर चित्रात गोंधळलेला दिसणारा माणूस गिऱ्हाइकाच्या जागी असू नये. बावरलेला मुलगा, वाट चुकलेला प्रवासी, डोके खाजवणारा माणूस ही सारी चित्रे दिसायला गोड असतात, पण त्या गोडव्याआडून ती समोरच्यालाच वेंधळा ठरवतात.

दोष खरोखर कोणाचा आहे, हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नसते. सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक न सापडलेल्या पानाचा पत्ता लिहिलेला असतो, आणि अनेकदा त्याआधी माणूस कोणत्या पानावर होता हेही असते. म्हणून चित्रावर बोलण्याआधी जुन्या संकेतस्थळाच्या नोंदी मागवाव्यात, असा माझा आग्रह असतो. इथे बहुतेक माणसे दोनच वाटांनी येत होती. गेल्या दिवाळीच्या फराळपेटीचे पान सण सरल्यावर काढून टाकले होते, पण त्याचा दुवा व्हॉट्सॲपवरच्या घरगुती गटांत अजून फिरत होता. दुसरी वाट अशी, की दुवा पाठवताना त्याला चिकटूनच पुढचा शब्द लिहिला गेला होता आणि तोही पत्त्याचाच भाग होऊन बसला होता. ज्या पदार्थांची पाने नव्या पत्त्यावर गेली होती, त्यांची जुन्या पत्त्यावरून कायमची पाठवणी करता येते. तिला ३०१ असा सांकेतिक अंक आहे, आणि ती केली की गिऱ्हाइकाला चुकीचे पान दिसतच नाही. चित्र तपासायला बसलेल्या माणसाने सगळ्यात आधी ते चित्र कमीत कमी लोकांना दिसेल अशी व्यवस्था करून घ्यावी, हे चित्रकाराला थोडे निष्ठुर वाटते. आमची मुलगी मात्र हसली.

उरले फराळपेटीचे पान. तिथे येणाऱ्या माणसाला फराळ हवा आहे किंवा निदान पेटीत काय होते हे पाहायचे आहे. त्याला उपयोगी पडायचे तर चित्राखाली ‘मुखपृष्ठावर जा’ एवढेच बटण देऊन भागत नाही, कारण मुखपृष्ठावर जाऊन त्याला पुन्हा शून्यापासून शोधावे लागते. शोधाची चौकट, सध्या मिळणारे दोन-तीन पदार्थ आणि दुकानाचा फोन नंबर हवा. हे सगळे मूळ आराखड्यात होतेही, पण ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या फोनवर पान उघडून पाहिले, तेव्हा रामकुंडाने सगळा पडदा व्यापला होता आणि शोधाची चौकट दिसण्यासाठी खाली सरकावे लागत होते. मोठ्या पडद्यावर चित्र पसंत करण्याचा हा ठरलेला तोटा आहे. मी अशा वेळी हाताने चित्र झाकून उरलेले पान वाचतो. चित्रावाचून काम अडत नसेल तर पान ठीक आहे, आणि मग ते काम चित्रामुळे खाली ढकलले जात नाही ना, एवढे पाहायचे राहते. ‘हरवलात वाटतं!’ ही अक्षरे तर चित्रातच रंगवलेली होती, म्हणजे दृष्टिहीन माणसाच्या फोनमधल्या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या वाचक-प्रणालीला ती वाचता आली नसती. शब्द चित्राबाहेर मजकुरात आणावेत आणि चित्र निव्वळ शोभेचे असेल तर त्याचे पर्यायी वर्णन रिकामे ठेवावे, म्हणजे वाचक त्याला ओलांडून थेट कामाच्या ओळीवर येतो.

ब्रँडच्या स्वभावाचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात जास्त वेळ त्याने घेतला. चित्रकार मुलीचे म्हणणे असे, की रामकुंड म्हणजे नाशिक, चिवडाही नाशिकचा, मग चित्र जुळले नाही असे कसे म्हणता? मी काकांचे बोधचिन्ह त्या चित्रावरून काढले आणि तिथे आधी एका प्रवासी कंपनीचे व नंतर एका लॉजचे नाव टंकले. चित्र दोन्हीकडे चपखल बसले. ते गावाचे चित्र होते, दुकानाचे नव्हते. पिशवी हातातून काढून घेतली असती तर चिवड्याचा त्यात मागमूस राहिला नसता.

दुकानाचा स्वभाव मग कुठे शोधायचा? रंगांच्या नियमावलीत ‘आपुलकी, परंपरा, विश्वास’ असे लिहिलेले असते, पण त्यावरून रेघसुद्धा काढता येत नाही. आम्ही दुकानात जाऊन उभे राहिलो. काका तराजूला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर चिवडा ठेवतात. एखादा प्रकार संपलेला असला, तर “तो नाही, पण हा बघा” असे म्हणून दुसऱ्या डब्यातली चिमूट पुढे करतात. माफी मागण्याचा सोहळा नाही, विनोद नाही, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही. चुकीच्या पानाला नेमके हेच करायचे असते. नव्या चित्रात म्हणून गर्दी गेली आणि दोनच हात उरले, एक देणारा, एक घेणारा, मध्ये चिमूटभर चिवडा. खाली ओळ आली, ‘ते पान आता नाही, पण हे बघा’, आणि तिच्या लगेच खाली आज मिळणारे पदार्थ. चित्र लहान झाल्यामुळे हे सगळे फोनच्या पहिल्याच पडद्यात मावले.

काकांनी ते पाहिले आणि क्षणात म्हणाले, “डाव्या हातानं कोण देतं गं?” मांडणीच्या सोयीसाठी तिने देणारा हात डावा काढला होता, आणि ते माझ्याही नजरेतून निसटले होते. चित्र आरशासारखे उलटवले तर हात उजवा झाला, पण मागच्या डब्यावरची अक्षरेही उलटी झाली. तिने डबा पुन्हा काढला.

हे चित्र सगळ्या चुकांना चालेल का, असा प्रश्न ओघानेच आला, आणि तिथे मी ठाम नकार दिला. पैसे भरताना सर्व्हर कोसळला आणि ५०० क्रमांकाची चूक आली, तर माणसाच्या खात्यातून रक्कम गेलेली असू शकते. त्या वेळी तळहातावरचा चिवडा चेष्टेसारखा दिसेल. ट्विटरच्या सुरुवातीच्या काळात सेवा कोलमडली की पक्ष्यांनी जाळ्यात उचललेला देवमासा दिसायचा. यियिंग लू यांचे ते चित्र लोकांना इतके आवडले की त्याला चाहते मिळाले, पण ते वारंवार दिसू लागल्यामुळे सेवा बंद पडण्याचीच ती खूण होऊन बसली, आणि २०१३ मध्ये कंपनीने ते काढून टाकल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की ते चित्र मुळात ट्विटरसाठी काढलेलेच नव्हते, तयार चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावरून घेतलेले होते. वर्षातून एकदा दिसणाऱ्या चित्राला जो गोडवा पेलतो, तो रोज संध्याकाळी दिसणाऱ्या चित्राला पेलत नाही.

म्हणून पैशांच्या चुकीचे पान चित्राविना ठेवले. ‘पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका, आम्हाला फोन करा’ ही ओळ, नंबर आणि दुकान उघडे असण्याची वेळ, बस्स. सर्व्हर बसलेला असतानाही दिसायला हवे म्हणून ते पान वेगळ्या जागी, इतर कशावरही अवलंबून नसलेल्या एका साध्या फाइलमध्ये ठेवले. मुख्य सर्व्हरवरून चित्र मागवणारे चुकीचे पान ऐन वेळी स्वतःच अर्धवट उघडते आणि चित्राच्या जागी तुटकी चौकट दाखवते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

चिवड्याच्या पानावर ४०४ हा, पान न सापडल्याचा सांकेतिक आकडा ठेवायचा की नाही, यावर मात्र एकमत झाले नाही. मुलीला तो अजिबात नको होता आणि काकांना त्याचा अर्थच लागत नव्हता. मी तो तळाशी, लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत ठेवायला लावला. कोणी फोन करून “पान उघडत नाही” एवढेच म्हणाले, तर दुकानातल्या पोराला “खाली कुठला आकडा दिसतो?” असे विचारता येते, आणि ४०४ की ५०० हे कळले की निरोप कोणाकडे द्यायचा ते त्याला ठरवता येते.