एका भजनसंग्रहाचे अकरा तुकडे

दिवाळीपासून रेंगाळलेलं काम काल रात्री एकदाचं मार्गी लागलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, निरनिराळ्या मंडळांनी गायलेली, डाउनलोड केलेल्या 38 फायली. बाबांच्या फोनमध्ये टाकल्या तर प्लेअरनं त्यांचे अकरा अल्बम करून ठेवले. बाबा म्हणाले, "काहून रे, एका वहीची पानं अकरा जागी काहून फेकली?"

फोल्डर एकच होतं, पण अल्बमच्या यादीसाठी प्लेअर फायलीच्या पोटातले टॅग, म्हणजे गाणं, गायक, अल्बम यांची आत लिहिलेली नावं वाचतो. अल्बमचं नाव सारखं असलं तरी `Artist` दर फायलीत वेगळा आणि `Album Artist` रिकामा असला, की बरेच प्लेअर वेगळा अल्बम धरतात. Mp3tag या टॅग बदलायच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फायली निवडून `Album Artist` मध्ये एकच नाव टाकलं आणि Ctrl+S दाबलं. मंडळांची नावं `Artist` मध्ये तशीच राहू दिली. कोणी गायलं ते बाबांना लागतंच.

संगणकावरच्या प्लेअरमध्ये अकराचे तीन झाले. एक काही होईना!

मग लक्ष गेलं. सगळ्या फायली निवडलेल्या असताना `Album` च्या चौकटीत `<keep>` दिसत होतं, म्हणजे आतला मजकूर सगळीकडे सारखा नाही. कुठे 'राष्ट्रसंत' होतं, कुठे 'राष्ट्रसन्त'. आपल्याला दोन्ही एकच, प्लेअरला दोन वेगळे शब्द. तिसऱ्या गठ्ठ्यात शब्द बरोबर होता, पण शेवटी एक स्पेस चिकटलेली. ती पाहून सापडत नाही, कर्सर ओळीच्या टोकाला नेला तेव्हा कळली. मग `<keep>` पुसून नाव नव्यानं एकदाच टाइप केलं आणि अल्बम एक झाला.

कव्हरसाठी आजोबांच्या खंजिरीचा फोटो काढला. पहिल्यांदा तो जसाच्या तसा चिकटवला, ही माझी हुशारी. फोटो 3.2 एमबीचा आणि कव्हर प्रत्येक फायलीत वेगळं साठतं, म्हणजे 38 फायलींत मिळून 120 एमबीच्या वर नुसता फोटोच. मग चौकोनी कापून 600 बाय 600 चा जेपीजी केला, साधारण 90 केबी. बाबांच्या छोट्या स्क्रीनवर फरक कळत नाही.

तरी फोनवर जुनंच दिसत राहिलं. Mp3tag मध्ये फायलीची जुनी तारीख राखून ठेवायची खूण मी कधीतरी केली होती. तारीख बदलली नाही म्हणून फोनला फाईल बदलल्याचं कळलंच नाही. खूण काढली, पुन्हा सेव्ह केलं, फोनमधल्या जुन्या फायली पुसून नव्या टाकल्या.

आता क्रम राहिलाय. `Track` रिकामा असल्यानं भजनं अक्षरांप्रमाणे लागतात आणि आरती मधेच वाजते. तो क्रम बाबांना विचारूनच भरावा लागेल.