११:३८ ला डॉक गोठला

काल रात्री बाराला प्रोजेक्ट सबमिट करायचा होता. आम्ही चौघं आपापल्या घरून एकाच गूगल डॉकवर. ११:३८ ला माझा कर्सर गेला, वर 'View only'. ग्रुपवर ओरड सुरू, "लिंक कोणी बदलली रे?"

कोणीच बदलली नव्हती. फाईल डोंबिवलीवाल्याच्या अकाउंटवर होती आणि त्याची १५ जीबी जागा संपलेली. विसर्जनाचे सगळे व्हिडिओ फोनवरून आपोआप बॅकअपला जात होते (लालबागचा तर तासभराचा!). मालकाची जागा भरली की त्याच्या फाईलमध्ये कोणालाच लिहिता येत नाही, एडिटची परवानगी असली तरी. आणि नेमक्या ह्याच खुणेवरून कळतं, कारण परवानगी काढली असती तर मालकाला तरी लिहिता आलं असतं. इथे मालकासकट सगळेच अडकले.

त्याने व्हिडिओ उडवले, पण ट्रॅशमध्येही जागा मोजली जातेच. ट्रॅश रिकामा केला, तरी आकडा हलेना. 'मेक अ कॉपी'ही होईना.

पण वाचता येत होतं, म्हणजे डाउनलोडही होणार! ठाण्याच्या मैत्रिणीने .docx उतरवून स्वतःच्या अकाउंटवर चढवली, नवी लिंक टाकली. दोन तक्ते वेडेवाकडे झाले, ते तसेच सोडले. संदर्भसूची मात्र मी पूर्ण केली.

११:५६ ला सबमिट. डोंबिवलीवाला अजून विचारतोय, "लालबागचा व्हिडिओ कोणाकडे आहे का?"