कंटेनर राहिला, मेल कशी लिहायची?

नवी मुंबईतल्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत मी निर्यातीचा कस्टमर डेस्क बघते. डेस्कवर बहुतेक मुलंमुली विशीतली आहेत. नवीन माणसाची ग्राहकाला जाणारी मेल आधी मसुदा म्हणून माझ्याकडे येते. अडचण येते ती वाईट बातमीच्या मेलला. जहाज सुटलं, बिल ऑफ लेडिंग तयार झालं, या मेल कोणीही लिहितं. पण बुक केलेला कंटेनर लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, मागे ठेवला, आमच्या भाषेत रोलओव्हर झाला, की मुलांचे हात थरथरतात आणि मसुदा लांबत जातो.

गेल्या द्राक्ष हंगामातलं एक उदाहरण सांगते. नाशिकच्या निर्यातदाराचा रीफर, म्हणजे विजेवर माल थंड ठेवणारा कंटेनर रॉटरडॅमला जायचा होता. न्हावा शेवा बंदरात तो आत गेला होता, पण जहाज भरलं आणि लाइनने तो मागे सोडला. डेस्कवर नव्याने आलेल्या मुलीने लिहिलेल्या मेलचा मजकूर मराठीत साधारण असा होता: ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे. वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, जहाजावरील जागेची कमतरता व इतर ऑपरेशनल कारणांमुळे लाइनने काही कंटेनर मागे ठेवले असून त्यात दुर्दैवाने आपल्या कंटेनरचाही समावेश आहे. पुढील जहाजाचा तपशील लवकरच कळवू. आमच्याकडून झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व. गैरसोयीबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व. कृपया सहकार्य करावे.’

असा मसुदा आला की मी मनातल्या मनात त्याचे तीन भाग करते. चुकीचं किंवा महागात पडेल असं काय आहे, वाचणाऱ्याला हवं असलेलं काय राहिलंय, आणि मला नुसतं आवडलं नाही असं काय आहे. तिसऱ्या भागाबद्दल मी चकार शब्द काढत नाही. ‘आपण कुशल असाल’ हे वाक्य मी स्वतः कधी लिहिणार नाही, पण त्याने कोणाचं काही बिघडत नाही. ते खोडलं तर त्या मुलीला खोडलेली तीच एक ओळ दिसत राहते आणि खरी दुरुस्ती बाजूला पडते.

पहिल्या भागात इथे एकच गोष्ट होती: ‘आमच्याकडून झालेल्या विलंबाबद्दल’. यावर मी गोड बोलत बसले नाही. तिला खुर्ची ओढायला सांगितलं आणि म्हटलं, “हे आत्ताच काढ. कंटेनर लाइनने सोडला, आपण नाही. उद्या माल खराब निघाला आणि क्लेम आला, तर हीच ओळ पुढे करतील. वाईट वाटलं असं लिही, चूक आमची असं लिहू नको.” कारण कळलं की मुलांना स्पष्ट बोलणं लागत नाही. कारण न सांगता नुसती लाल रेघ मारली तर लागतं. ‘माफी मागू नको’ एवढंच सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी खरंच आमची चूक असतानाही तिने माफी मागितली नसती.

दुसऱ्या भागासाठी मी वाक्य सुचवत नाही, प्रश्न विचारते.

“हे वाचून ते पहिला फोन कशासाठी करतील?”

ती म्हणाली, “द्राक्षं खराब होतील का म्हणून, मॅडम.”

“मग होतील का?”

“नाही, प्लगला आहे. सकाळी टर्मिनलला विचारलं मी. टेम्परेचर उणे 0.5 दाखवतंय.”

म्हणजे मेलमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य तिच्या वहीत होतं, मेलमध्ये नव्हतं. हे फार वेळा होतं. मुलांनी काम नीट केलेलं असतं, पण मेल म्हणजे काहीतरी औपचारिक लिहायचं या समजुतीने केलेलं काम बाहेरच राहतं. मी तिला एवढंच म्हटलं की कोणी न सांगता तू प्लगचं विचारलंस, ते आधी लिही. माझं कौतुक एवढंच असतं, पण कशाबद्दल आहे ते नेमकं सांगते. ‘छान लिहिलंयस, पण’ अशी सुरुवात केली की मुलं त्या ‘पण’चीच वाट बघत बसतात.

अर्ध्या तासाने आलेली मेल अशी होती: ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपला कंटेनर शनिवारच्या जहाजावर चढला नाही. जागा नसल्याने लाइनने तो मागे ठेवला. कंटेनर टर्मिनलवर प्लगला जोडलेला असून तापमान उणे 0.5 अंश आहे. लाइनने पुढच्या शनिवारचं जहाज दिलं आहे, म्हणजे सात दिवसांचा उशीर. वाढीव प्लग-इनचा खर्च लाइनने सोसावा अशी लेखी मागणी केली आहे. त्याचं उत्तर उद्या दुपारपर्यंत कळवतो. खरेदीदाराला दाखवण्यासाठी लाइनची नोटीस सोबत जोडली आहे.’ खर्चाचं आणि नोटिशीचं मी सुचवलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना पुढचे दोन प्रश्न तिचे तिलाच सुचले.

हे सगळं करायला दरवेळी वेळ नसतो. निर्यातदाराला लगेच कळवायचंच असेल तर मी आधी त्याला फोन करायला लावते, मेलमधली चुकीची माहिती तेवढी दुरुस्त करून ती जाऊ देते, आणि बाकीचं चहाच्या वेळी बोलते. घाईत शिकवायला गेलं की शिकवणं राहतं आणि चिडचिड तेवढी होते. आणखी एक पथ्य म्हणजे, मसुद्यावरचं बोलणं ज्याचा मसुदा त्याच्याशीच. ‘रिप्लाय ऑल’ करून सगळ्यांसमोर दुरुस्ती केली की नंतर कोणी मसुदा आपणहून दाखवत नाही.

मुलं बिचकली आहेत हे तोंडावर कळत नाही, मसुद्यात कळतं. दोन ओळींची तारीख कळवणारी मेलही ‘मॅडम, एकदा बघाल का’ म्हणून येऊ लागते. किंवा माझीच वाक्यं मला परत दिसतात. एका मुलाने कापडाच्या साध्या कंटेनरच्या रोलओव्हरमध्येही ‘कंटेनर प्लगला जोडलेला आहे’ असं लिहिलं होतं. आधीच्या एका घाईत मी त्याला रीफरसाठी तयार वाक्य दिलं होतं, तेच त्याने सुरक्षित म्हणून जपून ठेवलं होतं. त्याच्याशी बोलताना मी त्या वाक्याचा विषयच काढला नाही. कापडवाल्याला कसली काळजी असेल, एवढंच विचारलं. क्षणभर विचार करून तो म्हणाला, “त्याला एलसीची शिपमेंटची शेवटची तारीख चुकेल याची.” बरोबर होतं. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी. तिच्यातली ती तारीख उलटून माल चढला तर बँक कागद अडवते, आणि मुदत वाढवून घ्यायला निर्यातदाराला वेळ लागतो. त्याची मेल मग त्या तारखेपासून सुरू झाली.

तपासणं थांबवताना मी ‘आता तुझं मला बघायला नको’ असं सरसकट म्हणत नाही, मेलच्या प्रकारानुसार सोडते. आधी जहाजाच्या तारखांच्या, मग बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्याच्या, आणि सगळ्यात शेवटी रोलओव्हरच्या. द्राक्षांवाल्या मुलीच्या रोलओव्हरच्या मेल आता थेट जातात, मी फक्त कॉपीत असते. क्लेमच्या मेल मात्र कोणाच्याच थेट जात नाहीत. त्या मी बघते, आणि माझ्या आमचे ऑपरेशन्सचे साहेब बघतात.